एटीएमने पैसे कापले, पण हातात आलेच नाहीत
(गणेशोत्सवातील सायंकालीन व्याख्यानमालेत आम्ही निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)

मंडळी, आम्ही तिघे जन्मभर बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. निवृत्तीनंतर बाहेरच्या बाजूने रांगेत उभे राहिलो, तेव्हा कळले की आतून सोपी वाटणारी गोष्ट बाहेरून किती घाबरवणारी असते. गेल्या वर्षी गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत इथल्याच एका काकू दुपारी आमच्याकडे आल्या. राजवाड्याजवळच्या एका एटीएममधून त्या दहा हजार काढायला गेल्या होत्या. यंत्र घरघरले, पडद्यावर ‘व्यवहार सुरू आहे’ असे आले, मग सगळे शांत. नोटा नाहीत, पावती नाही; मोबाइलवर मात्र दहा हजार वजा झाल्याचा संदेश. एटीएम एका बँकेचे, काकूंचे खाते दुसऱ्या बँकेत. त्यांचा पहिला प्रश्न होता, “आता त्या बँकेत जाऊ का?”

नाही. सर्वांत जास्त चूक इथेच होते. यंत्र कोणाचेही असो, तक्रार ज्या बँकेने तुम्हांला कार्ड दिले तिच्याकडेच करायची. एटीएमवाली बँक तुम्हांला ओळखत नाही, तुमचे खाते तिच्याकडे नाही. तुमची बँक आपल्या वतीने तिच्याकडे मागणी लावते आणि दोघींचा हिशेब आपसांत होतो.

पण त्याआधी, यंत्रासमोर उभे असतानाची दोन-चार मिनिटे. लगेच दुसऱ्यांदा पैसे काढायचा प्रयत्न करू नका; पुन्हा वजावट झाली तर गुंता दुप्पट. थोडे थांबा. कधी कधी मधली जोडणी तुटलेली असते आणि वजा झालेली रक्कम काही मिनिटांत आपोआप परत जमा होते. तेवढ्यात नोटा येतात त्या फटीकडे नीट पाहा. तिथे पट्टी किंवा चिकटपट्टी लावून नोटा आत अडकवून ठेवणारे भामटे असतात; गिऱ्हाईक गेले की ते येऊन नोटा काढतात. काही वेगळे दिसले तर जागेवरूनच बँकेला फोन करा. “आंटीजी, पिन फिर से डालिए” म्हणत मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे दूर ठेवा.

फोन कुठे करायचा? कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या क्रमांकावर अजिबात नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे यंत्रात दोनच हजार अडकले होते. अशा खोट्या क्रमांकावर ओटीपी सांगून बसले आणि खात्यातले उरलेलेही गेले.

काकूंना आम्ही एका कागदावर पाच गोष्टी लिहायला लावल्या: तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, एटीएमची जागा, रक्कम, आणि संदेशातला व्यवहार क्रमांक. पावती मिळाली असती तर तिच्यावर यंत्राचा क्रमांकही असतो. नसेल तरी बिघडत नाही. वेळ आणि जागा यांवरून बँक यंत्र शोधते. त्याच दिवशी ॲपवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. तो दिवस शनिवार, सहा तारीख. सोमवारी शाखेत लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. अर्जात रडगाणे नको. “अमुक वेळी अमुक एटीएममधून दहा हजार काढताना खात्यात वजावट झाली, रोकड मिळाली नाही, रक्कम परत जमा करावी” एवढे पुरे.

आता दिवस कसे मोजायचे ते सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या आदेशाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत बँकेने स्वतःहून परत जमा करायची असते. हे कॅलेंडरचे दिवस. रविवार-सुट्टीची सबब नाही. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा व्हायला हवी, आणि तीही न मागता. सहा तारखेच्या व्यवहाराची मुदत अकरा तारखेला संपते. बारा तारीख हा उशिराचा पहिला दिवस.

काकूंना बारा तारखेला पैसे आले नाहीत, उत्तर आले: ‘व्यवहार यशस्वी, तक्रार बंद.’ बहुतेक लोक इथे हात टेकतात. आम्ही मात्र इथेच थोडे सावध झालो, कारण ‘यशस्वी’ याचा अर्थ आम्हांला ठाऊक आहे. यंत्राने नोटा मोजून पुढे ढकलल्याची नोंद त्याच्या नोंदवहीत झाली, एवढाच त्याचा अर्थ. नोटा खरोखर बाहेर पडल्या का, हे त्यातून नेहमीच सिद्ध होत नाही.

खरा साक्षीदार यंत्राच्या पोटात असतो. नोटा वेगवेगळ्या पेट्यांत भरलेल्या असतात. दुमडलेल्या किंवा एकदम दोन आलेल्या नोटा यंत्र वेगळ्या कप्प्यात टाकते. रोकड भरणारी माणसे येतात तेव्हा आतली शिल्लक यंत्राच्या हिशेबाशी ताडून पाहतात. यंत्र म्हणते दहा हजार दिले आणि पोटात मात्र हिशेबापेक्षा दहा हजार जास्त सापडले, तर ते कोणाचे, हे उघडच आहे. भामट्याने नोटा अडकवून नेल्या असतील तर मात्र रोकड जुळते. मग कॅमेऱ्याचे चित्रणच कामी येते, आणि ते लवकर मागावे लागते. कायम जपून ठेवले जात नाही.

म्हणून दुसऱ्या अर्जात आम्ही तीनच मागण्या लिहिल्या: त्या व्यवहाराची यंत्रातली नोंद, त्या दिवसाच्या रोकड जुळवणीचा अहवाल आणि त्या वेळचे चित्रण तपासून लेखी उत्तर द्यावे. ‘तपासा’ एवढेच लिहिले तर पुन्हा तेच छापील उत्तर येते. काय तपासायचे ते नावानिशी लिहिले की अर्ज बाजूला सरकवता येत नाही. जास्तीची रोकड सापडली. एकोणीस तारखेला दहा हजार जमा झाले.

भरपाई मात्र आली नाही. बारा ते एकोणीस, दोन्ही धरून आठ दिवस, म्हणजे आठशे रुपये. आदेशाचा उल्लेख करून तिसरा, चार ओळींचा अर्ज दिला, तेव्हा तेही जमा झाले. शाखेतला तरुण मुलगा म्हणाला, “काकूजी, ये तो कोई माँगता ही नहीं.”

इतके करूनही बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक. म्हणून ती शिक्क्याची पोच आणि तक्रार क्रमांक जपायचा. तक्रार cms.rbi.org.in वर करता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. संगणकाशी जमत नसेल तर पत्रही चालते. ते रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढ येथील सेक्टर 17 मधल्या तक्रार केंद्राकडे पाठवायचे, आणि कोणत्याही भाषेतले पत्र तिथे घेतले जाते. म्हणजे मराठीतूनही लिहिता येते. काकूंना ते लिहायची वेळ आली नाही, पण मसुदा आम्ही तयार करून ठेवला होता. तो मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. कोणाला लागला तर तारीख, जागा आणि रक्कम बदलून घ्यावी.