खोकलं की लघवी सुटते, त्याचं काय करायचं?

(वस्तीतील महिला गटाच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत आपण चिठ्ठ्या घातल्या होत्या. नाव न लिहिता, जे कुणाला विचारता येत नाही ते लिहायचं, असं ठरलं होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्या कानात सांगितलं. त्यात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा आली. "शिंक आली की कपडे ओले होतात." "हंडा उचलला की थेंब पडतात." "बाळंतपणापासून कापडाची घडी लावूनच बाहेर पडते." म्हणून आज याच विषयावर बोलू. मी समाजकार्य शिकलेली बाई आहे, डॉक्टर नाही. पण बाळंतिणींबरोबर दवाखान्यात जाता-येता डॉक्टरीणबाईंकडून आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून जे समजून घेतलं, ते सांगते.

आधी हे होतं का, ते बघू. आपल्या कमरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वाराकडचं आतडं यांना ती खालून आधार देते. लघवीची नळी, योनीमार्ग आणि गुदद्वार ही तिन्ही तोंडं या झोळीतूनच बाहेर येतात. आपण खोकलो, हसलो, वजन उचललं की पोटातला दाब वाढतो आणि लघवीच्या पिशवीवर येतो. झोळी घट्ट असेल तर ती त्याच क्षणी नळी आवळून धरते. नऊ महिने ओझं पेलून आणि बाळ बाहेर येताना ताणली जाऊन ती सैल पडली, तर दाब जिंकतो आणि लघवी निसटते. बाळंतपण खूप लांबलं, चिमटा लावावा लागला, मूल वजनाने मोठं होतं, तर ताण जास्त पडतो. सिझेरियन झालेल्यांना हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असं नाही. ओझं तर त्यांनीही वाहिलेलं असतं.

म्हणजे हे स्नायूचं दुखणं आहे. बाई घाणेरडी आहे, आळशी आहे, तिने बाळंतपणात पथ्य पाळलं नाही, यातलं काही नाही. आणि स्नायू सैल होतो तसा कामाला लावला तर बळकटही होतो. बऱ्याच जणींचा त्रास बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी लघवी सुटत असेल, तर मात्र "होईल बरं" म्हणून बसू नये.

आता एकीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. वय 28, दुसरं मूल पाच महिन्यांचं. घरात नळ नाही, पाणी सार्वजनिक नळावरून आणायचं. दिवसाला कापडाच्या चार घड्या बदलायची. वास येईल म्हणून सासूजवळ बसेना, आणि लघवी कमी व्हावी म्हणून पाणी पिणं तोडलं होतं. त्यातून लघवीला जळजळ सुरू झाली. जवळच्या एका खाजगी डॉक्टरांनी तिला सांगितलं, "पिशवी खाली आलीय, काढून टाका." घरात पैशांची जुळवाजुळव चालू असताना ती माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, पिशवी काढली की हे थांबेल ना?"

आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला, त्याचं औषध दिलं. डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, खोकायला लावलं. गर्भाशय जागेवर होतं, खोकल्याबरोबर लघवी मात्र निसटली. त्यांनी तिला दोन गोष्टी समजावल्या. एक, लघवी लघवीच्या पिशवीतून सुटते, गर्भपिशवीतून नाही, आणि गर्भपिशवी काढणं हा खोकताना लघवी सुटण्यावरचा उपचार नाही. दोन, आधी तीन महिने व्यायाम, मग पुढचं बघू.

हा व्यायाम अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी 1948 साली मांडला, म्हणून त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. करायचा असा. उताणं झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं गुदद्वार आवळतो तसं आवळा, आणि त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढचंही आवळा. दोन्ही मिळून वर आणि आत ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. पोट, कुल्ले, मांड्या सैल राहू द्या. श्वास रोखू नका. तोंडाने एक, दोन, तीन मोजत राहा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

इथेच बहुतेकींची गडबड होते. आवळायच्या ऐवजी त्या शौचाला कुंथल्यासारखा खाली जोर देतात. तसं केलं तर आधीच ताणलेली झोळी आणखी ताणली जाते. बरोबर चाललंय की नाही, हे घरी ओळखता येतं. टाके भरून आल्यावर, हात धुऊन, एक बोट योनीमार्गात घालून आवळा. बोटाभोवती पकड बसली आणि ते वर ओढल्यासारखं वाटलं तर ठीक. बोट बाहेर ढकललं गेलं तर उलटं चाललंय. बोट घालायचं नसेल तर आरसा धरून बघा. योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत गेली पाहिजे, फुगून बाहेर येता कामा नये. लघवी करताना धार मध्येच थांबवून व्यायाम करायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

किती करायचं? आपल्याला जितके आकडे धरवतं तितकेच धरायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. असं हळूहळू दहा आकड्यांपर्यंत धरायचं आणि आठ ते दहा वेळा करायचं. त्यानंतर आठ-दहा वेळा झटकन आवळून झटकन सोडायचं. हे दिवसातून तीन वेळा. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने. बाळाला पाजायला बसलात की एक फेरी, असं ठरवलं तर विसर पडत नाही. बाळंतपणानंतर लघवीची नळी काढली, लघवी नीट व्हायला लागली आणि दुखत नसेल, की हलक्या हाताने सुरुवात करता येते.

दुसरी युक्ती लगेच उपयोगी पडते. खोकला, शिंक यायच्या किंवा हंडा उचलायच्या आधी आवळा, आणि ते काम होईपर्यंत सोडू नका.

आपल्या या मैत्रिणीला पहिल्या दिवशी तीन आकडे धरवत होतं, तेही पाचच वेळा. कॅलेंडरवर ती रोज घड्यांचा आकडा लिहायची. महिन्याने सहा आकडे धरवू लागलं, पण घड्या चारच. "काही फरक नाही, सोडते," म्हणाली. इथेच पुष्कळ जणी सोडतात. फिजिओथेरपिस्टने पुन्हा तपासलं, तर शेवटच्या दोन-तीन वेळा ती पोट ताणून खाली जोर देत होती. ते दुरुस्त केलं. सातव्या आठवड्यात शिंक आली आणि कपडा कोरडा राहिला. बारा आठवड्यांनी दिवसाला एक घडी, कधी तीही नाही. भरलेला हंडा कमरेवर घेताना अजून थेंब पडतो, म्हणून ती आता दोन कळशा करून पाणी आणते आणि व्यायाम चालू ठेवते. पाणी पोटभर पिते. ऑपरेशनला ती गेली नाही.

बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांचाही बंदोबस्त करा. रोज कुंथलं किंवा दिवसभर खोकलं तर व्यायामाने कमावलेलं पुन्हा जातं.

काही त्रास मात्र या व्यायामात बसत नाहीत. लांबलेल्या, अडलेल्या बाळंतपणानंतर थोड्या दिवसांत, दाब नसतानाही, रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर पिशवी आणि योनीमार्ग यांमध्ये भोक पडलेलं असू शकतं. त्या बाईला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. लवकर गेलं तर काही वेळा नुसती नळी घालून ठेवूनही लहान भोक भरतं, नाही तर ऑपरेशनने शिवावं लागतं. लघवी अडकणं, लघवीत रक्त, ताप, शौचावर ताबा न राहणं, अंग बाहेर येणं, यासाठीही तीन महिने थांबू नका. आणि खोकताना नव्हे तर एकदम घाई होऊन संडासापर्यंत पोचेपर्यंत सुटत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात लघवीच्या वेळा थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या असतात आणि लागल्यास औषध असतं. अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

तीन महिने कुणाच्या देखरेखीखाली, नीट व्यायाम करूनही रोजचं जगणं अडत असेल, तर पुढचे उपचार आहेत. अंग खाली आलं असेल तर योनीमार्गात बसवायची रिंग मिळते. नळीच्या भोवती इंजेक्शन देऊन ती जाड करता येते, पण त्याचा परिणाम पुढे ओसरतो. ऑपरेशनांपैकी एकात टाके घालून पिशवीच्या मानेला वर आधार देतात. दुसऱ्यात बाईच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी नळीखाली झोळीसारखी बसवतात. तिसऱ्यात कृत्रिम जाळीची पट्टी घालतात. ही जाळी पुष्कळ जणींना गुणकारी ठरली, पण काहींना ती आत रुतून कायमच्या वेदना झाल्या आणि पुढे पूर्ण काढताही आली नाही. म्हणून इंग्लंडमध्ये 2018 साली तिचा सरसकट वापर थांबवण्यात आला. मूल आणखी हवं असेल तर ऑपरेशन सहसा लांबवतात, कारण पुढच्या गरोदरपणात त्याचा गुण जाऊ शकतो.

तेव्हा ऑपरेशन सुचवलं तर डॉक्टरांना विचारा. माझी लघवी कोणत्या कारणाने सुटते? तुम्ही खोकायला लावून तपासलंत का? नेमकं काय करणार, गर्भपिशवी काढणार की नळीला आधार देणार? जाळी घालणार का? नंतर लघवी अडली तर काय? उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बैठकीनंतर आतल्या खोलीत चटई घातली आहे. ज्यांना आवळायचं की ढकलायचं हे समजलं नाही त्यांनी थांबावं, एकेकीला समजावून देईन. आणि ज्या सुरू करतील त्यांनी आजच्या घड्यांचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा बघू.