अपघाताचा अहवाल आणि बोधाचे टिपण



१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी सुमारे सहा आठवडे दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून, थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने स्वतःच्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ती सूचना पोहोचली नाही. पुढे १९७६ मध्ये ‘नासा’ संस्थेने वैमानिकांचे अहवाल घेऊन त्यांतील ओळख पुसण्याची व्यवस्था सुरू केली. अशा अहवालांतील बोध १९७९ पासून ‘कॉलबॅक’ या मासिक पत्रातून प्रसिद्ध होऊ लागला.

ओळख पुसणे म्हणजे केवळ नाव खोडणे नव्हे. छत्रपती संभाजीनगरलगतचे हर्सूल घ्या. तेथील तलाव व मध्यवर्ती कारागृह सर्वांच्या परिचयाचे. अशा ठिकाणच्या एखाद्या पंपगृहातील अहवाल कल्पावा : “१२ जुलै रोजी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी, नुकताच बदलून आलेला मदतनीस पंपाची दुरुस्ती करीत असता पाळी बदलली. नव्या चालकाने पंप सुरू केला. मदतनिसाचे बोट चिरडले.” यात एकही नाव नाही, तरीही पंपगृहातील प्रत्येकजण दोघांनाही ओळखील.

म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा : हा अपघाताचे कारण सांगतो, की माणसाची ओळख? तारीख, गाव, बदली व कोणते बोट हे ओळख सांगतात, ते गाळावेत. पाळीबदल, बंद केलेल्या मुख्य स्विचला नसलेले कुलूप व तोंडीच दिलेला निरोप हे कारण सांगतात, ते राखावेत. रात्रीची वेळ मात्र तपासून पाहावी. अंधारामुळे पंपाजवळचा माणूस दिसला नसेल, तर ‘रात्री’ एवढा शब्द ठेवावा.

मग टिपण असे होईल : “दुरुस्ती चालू असता पाळी बदलली. स्विच बंद होता, पण त्याला कुलूप नव्हते व सूचनाफलकही नव्हता. नव्या चालकाने पंप सुरू केला. एकास इजा झाली. दुरुस्ती करणाऱ्याने स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी. पाळी सोपविताना अपुऱ्या कामाची नोंद वहीत करावी.”

पुष्कळदा याऐवजी “कर्मचाऱ्यांनी दक्षता बाळगावी” एवढेच छापले जाते. त्यात ओळख जाते आणि बोधही जातो. टिपण दोघांना दाखवून पारखावे. त्याच कार्यालयातील माणसाला व्यक्ती ओळखता येऊ नये आणि दुसऱ्या कार्यालयातील माणसाला उद्या काय बदलावे हे कळावे. छापण्यापूर्वी ते जखमी कर्मचाऱ्यास व चालकासही वाचून दाखवावे.

घटना सर्वतोमुखी झाली असल्यास काही महिने थांबावे, किंवा तशाच दोन-तीन घटना एकत्र गुंफाव्यात. मूळ अहवालात मात्र एक अक्षरही बदलू नये. चौकशी व नुकसानभरपाई त्याच्याच आधारे व्हावयाची असते.