नाचणीच्या आंबिलीत गाठी का होतात

(जिल्हा बैठकीत महिला आघाडीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावावर बोलणार नाही, विजेच्या बिलावरही नाही. आंबिलीवर बोलणार आहोत. मागे बसलेले काही भाऊ हसले ते दिसलं. पण गेल्या उन्हाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या बैठकीला आम्हीच केलेली आंबील ज्यांच्या वाट्याला आली होती, ते हसले नाहीत.

त्या दिवशी ६० माणसांचा अंदाज होता. कुणीतरी १ किलो नाचणीचं पीठ आणून दिलं. आपल्या हिंगोलीकडे नाचणी पिकत नाही. ती कोकणातली, नाशिक-अकोल्याच्या डोंगरातली, कोल्हापूरच्या पश्चिमेकडची. आपलं धान्य ज्वारी, आपली आंबील ज्वारीची, आपल्या कण्या ज्वारीच्या. सोयाबीन आल्यापासून ज्वारीच शेतातून मागं सरली, तिथं नाचणीची सवय कुठून असणार? २०२३ हे भरडधान्याचं जागतिक वर्ष म्हणून साजरं झालं आणि पिठाच्या पिशव्या दुकानात दिसू लागल्या. पीठ आलं, पण ते शिजवायचं कसं हे त्याच्याबरोबर आलं नाही.

आम्ही काय केलं, तर पिठल्याला करतो तसंच केलं. पातेल्यात आधण ठेवलं, खाली तुराट्या लावल्या, पाणी खळखळलं की वरून कोरडं पीठ टाकत गेलो आणि एकीनं चाटू फिरवला. पाच मिनिटांत लिंबाएवढ्या गाठी वर तरंगायला लागल्या. चाटूनं दाबल्या तर बाजूला सरकायच्या. एक गाठ बाहेर काढून फोडली, तर वरून चिकट आणि आत कोरडं पांढुरकं पीठ, जसंच्या तसं! तासभर उकळलं असतं तरी ते पीठ शिजलं नसतं. एका तरण्या लेकीनं ती आंबील आपल्या सात-आठ महिन्यांच्या बाळाला पाजायचा प्रयत्न केला. बाळाला ठसका लागला, तोंडातलं सगळं बाहेर आलं. ती घाबरली, आम्हीही घाबरलो. नंतर तिनं सांगितलं, "मावशी, मी नाचणी घरात आणायचीच नाही." तो दोष नाचणीचा नव्हता, आमच्या हाताचा होता. म्हणून हे बोलणं.

गाठ होते कशी ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. नाचणीच्या पिठात पिष्ट भरपूर असतं. बेसनापेक्षा बरंच जास्त. थंड पाण्यात हे पिष्ट नुसतं भिजतं, चिकट होत नाही. पाणी तापून साधारण ७० अंशांच्या आसपास गेलं, म्हणजे उकळीच्या बरंच आधी, हाताला अजिबात सोसवणार नाही इतकं झालं, की पिष्टाचा कण पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. आता कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं तर काय होईल? बाहेरच्या पिठाची क्षणात खळ होते, त्या खळीचं कातडं बनतं, आणि आतल्या पिठापर्यंत पाणी जायची वाटच बंद होते. कोरडं पीठ पाण्याची वाट बघत आतच राहतं. मग कितीही ढवळा.

म्हणून पहिली गोष्ट: पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं. प्रत्येक कण वेगळा भिजला पाहिजे आणि मगच आच लागली पाहिजे. पीठ भाजून घेतलेलं असलं तरी हाच नियम. मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजल्यानं कच्चट वास जातो, पण गाठी टळत नाहीत.

घरच्या मापानं सांगतो. १ वाटी पीठ, त्याच वाटीनं एकूण ८ वाट्या पाणी, ही पिण्यासारखी आंबील. चमच्यानं खायची असेल तर ६ वाट्या. गरम असताना ती पातळच वाटणार, निवली की घट्ट होते, म्हणून चुलीवर असताना "पाणी जास्त झालं" म्हणून पीठ वाढवायचं नाही. या ८ वाट्यांतल्या २ वाट्या थंड पाण्यात पीठ कालवायचं. तेही सगळं पाणी एकदम ओतून नाही. आधी अर्धी वाटी पाणी घालून बोटांनी चोळत लगदा करा, गुठळी बोटाला लागली की तिथंच चिरडा, मग उरलेलं पाणी घालून सैल करा. ताकाला लावतो ती रवी दोन वेळा फिरवली तर आणखी चांगलं.

इथं एक फसगत होते. हे कालवलेलं पीठ बाजूला ठेवलं की दोन-तीन मिनिटांत तळाशी बसतं. वर तांबूस पाणी आणि खाली घट्ट थर. तसंच ओतलं तर आधी पाणी पडतं आणि शेवटी तळाचा गोळा एकदम आधणात जातो, म्हणजे आपण परत गाठींपाशीच येतो. म्हणून ओतायच्या अगदी आधी तळापासून ढवळायचं आणि ओतत असतानाही भांडं हलतं ठेवायचं. गिरणीतून जाडसर पीठ आलं असेल तर ते आणखी लवकर बसतं. बारीक चाळणीनं चाळून घ्या, वर राहिलेलं भाकरीच्या पिठात टाका.

आता आच. ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांनी थोडी आंबील करायची असेल तर आधणाच्या भानगडीतच पडू नये. सगळं पाणी थंड, सगळं पीठ त्यात कालवलेलं, आणि मग मध्यम आचेवर ठेवून सतत ढवळायचं. एकटीनं करायचं, कडेवर पोर, तर ही रीत सगळ्यात बिनधोक. पण ढवळणं मधे सोडायचं नाही, विशेषतः वाफ दिसायला लागल्यावर, कारण तळाचं पीठ आधी तापतं आणि तिथंच पहिली खळ धरते.

मोठ्या पातेल्याला मात्र आधणच लागतं, नाहीतर दुपार होईल. आणि आपल्याकडं चूल म्हणजे तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या. हे सरपण भडकतं जोरात आणि विझतंही लवकर. आधण आणायला ते चांगलं. पीठ ओतायच्या आधी मात्र अर्ध्या काड्या बाहेर ओढून घ्यायच्या आणि निखाऱ्यावर काम चालवायचं. जाळ भडकलेला असताना ओतलं तर तळाला थर धरतो, तो करपतो, आणि चाटूनं खरवडला की काळी पापुद्रीही आंबिलीत येते. तिला लोक गाठ समजतात. ती गाठ नव्हे, करपा. करपा लागला असेल तर खरवडू नका, वरची आंबील दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

ढवळायचं कसं हेही सांगायला हवं. नुसता गोल गोल चाटू फिरवला तर आंबीलही त्याच्याबरोबर गोल फिरते आणि गाठी मजेत फिरत राहतात. आडवं-उभं ढवळा, तळ पुसत जा, कडेला चिकटलेलं आत ओढा.

पुढच्या बैठकीला आम्ही पुन्हा केली, तेवढ्याच माणसांची. १ किलो पीठ, एकूण १२ लिटर पाणी. वजनाच्या मापात आकडा मोठा दिसतो, कारण पीठ हलकं असतं. वाटीच्या मापानं ते आठपटीच्या जवळच जातं. ९ लिटरचं आधण २० लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात ठेवलं आणि ३ लिटर थंड पाण्यात पीठ कालवलं. आधणाला उकळी आली, काड्या ओढल्या. एक बाई बारीक धारेनं ओतत होती, दुसरी चाटू मारत होती, तिसरी कालवलेलं पीठ हलवत होती. ओतायलाच चार-पाच मिनिटं घेतली. घाई केली नाही, कारण थंड पीठ एकदम पडलं तर एकाच जागी घट्ट होतं. मग परत काड्या सारून उकळी आणली आणि निखाऱ्यावर पाव तास ठेवली, अधूनमधून तळ पुसत. शेजारी लिटरभर गरम पाणी तयार होतं, घट्ट वाटलं तर घालायला. त्यातलं निम्मं लागलं. या वेळी एक गाठ नव्हती.

शिजली की नाही हे घड्याळावर सोडू नका. कालवलेलं पीठ फिकट, मातकट तांबूस असतं. शिजलं की रंग गडद तपकिरी होतो आणि वर चकाकी येते. बुडबुडे संथ, जड, फट्‌ फट्‌ फुटायला लागतात, त्या वेळी हात सांभाळा, शिंतोडा चांगला भाजतो. कच्च्या पिठाचा वास जातो. चिमूटभर जिभेवर घेतली तर खरखर लागत नाही. खरखर लागली तर आणखी पाच मिनिटं. घरच्या लहान भांड्याला उकळीनंतर आठ-दहा मिनिटं पुरतात.

मीठ शेवटी. ताक घालायचं तर आंबील कोमट झाल्यावरच, गरमात घातलं की फुटतं. गूळही खाली उतरवून. दूध आणि गूळ एकत्र उकळू नये, दूध नासण्याचा धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाटीत मीठ नको, गूळही नको, आणि ती गाळूनच द्या.

एवढं करूनही गाठी झाल्याच तर पातेलं खाली उतरवा. पुरणाच्या चाळणीतून चमच्यानं दाबून काढा, किंवा रवीनं घुसळा. पण गाठीतलं पीठ कच्चं होतं हे विसरू नका. गाठी मोडल्या म्हणून लगेच वाढायची नाही, पुन्हा पाच-सात मिनिटं शिजवायची. पातळ झाली तर चमचाभर पीठ वेगळ्या वाटीत थंड पाण्यात कालवून घाला. वरून कोरडं भुरभुरवलं की सगळं केलेलं वाया.

आता मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाचं. काही गटांच्या बाया नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात. चांगलं करतात. पण त्या पिठाला ८ वाट्या पाणी घातलं की आंबील पाण्यासारखी होते आणि लोक म्हणतात भेसळ आहे. भेसळ नाही. मोड येताना धान्यात असा एक पदार्थ तयार होतो, जो पिष्ट तोडतो, म्हणून ते दाटत नाही. त्याला १ वाटीला ५ वाट्या पाणी पुरतं. बाळाला हेच बरं, कारण तेवढ्याच पातळ वाटीत पीठ जास्त बसतं. सेनगाव आणि औंढ्याच्या ज्या गटांना हे पीठ विकायचं आहे, त्यांनी पिशवीवर पाण्याचं माप छापावं. साध्या पिठाचं माप वेगळं, मोडाच्या पिठाचं वेगळं.

त्या तरण्या लेकीकडं आम्ही दुसऱ्या खेपेची आंबील स्वतः घेऊन गेलो, गाळून, कोमट करून. तिनं आधी स्वतः बोट बुडवून चाखली, दोन बोटांत चोळून बघितली, आणि मग बाळाला पाजली. वाटी रिकामी झाली. ती आज इथं आली आहे. बाहेर ठेवलेलं पातेलं आज तिनंच हाटलंय. आंबील निवायच्या आत या, उशिरा येणाऱ्याला वरून गरम पाणी घालून मिळेल.

जय किसान.