प्रगतिपत्रकातला शेरा : एका वाक्याची दुरुस्ती
(उणकल येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



मी आज एकाच शेऱ्याबद्दल बोलणार आहे. तो माझ्याच हातून लिहिला गेला होता. दसऱ्याच्या सुट्टीआधीचे दिवस होते. तिसरीची चाळीस प्रगतिपत्रके टेबलावर होती आणि दुसऱ्या दिवशी ती वाटायची होती. एका मुलीच्या पत्रकावर मराठीच्या रकान्यात मी लिहिले, ‘मराठी अशुद्ध. सुधारणा आवश्यक.’ तसेच शब्द मी त्या रात्री आणखी दहा-बारा मुलांना वाटले असतील.

सुट्टीनंतर त्या मुलीची आई पत्रक घेऊन आली. तिचे स्वतःचे शिक्षण कन्नडमध्ये झालेले, त्यामुळे शेरा तिने शेजारणीकडून वाचून घेतला होता. तिने मला विचारले, “सर, सुधारणा म्हणजे घरात आम्ही काय करायचं? आम्ही सगळी तसंच बोलतो की.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण शेरा मुलीच्या वहीबद्दल होता आणि पोहोचला तो घराच्या बोलण्यावर. शिवाय तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरही नव्हते. मुलीचे नेमके काय चुकते, हे मला तरी कुठे माहीत होते?

‘सुधारणा आवश्यक’ हे शब्द काही मी शोधून काढलेले नव्हेत. पलीकडच्या महाराष्ट्रात ते छापूनच येतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितले. त्यानंतर महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढून ही पद्धत लागू केली. श्रेणी आल्या, आकारिक आणि संकलित असे दोन भाग आले, आणि गुणांच्या सोबतीला वर्णनात्मक नोंदी आल्या. पत्रकावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड किंवा छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने दिसू लागले. कल्पना चांगली होती. दैनंदिन निरीक्षण हे मूल्यमापनाच्या साधनांतले पहिलेच साधन धरले होते. शिक्षकाने मुलाकडे पाहावे आणि पाहिलेले लिहावे, एवढाच त्याचा अर्थ.

झाले असे की नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. विषयवार, इयत्तावार, छापील आणि पुढे मोबाइलवरसुद्धा. ‘प्रश्नांची समर्पक उत्तरे देतो’, ‘स्वाध्याय वेळेत पूर्ण करतो’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’. या याद्यांतून उतरवलेली नोंद ओळखायची एक सोपी खूण आहे. मुलीच्या पत्रकावरही ‘करतो’ राहून जाते. मी याद्या वापरणाऱ्यांना हसत नाही. चाळीस मुले, प्रत्येकाचे सात-आठ विषय आणि हातात एक संध्याकाळ असेल, तर कोणीही यादीकडेच वळेल. रकान्याचे नाव ‘सुधारणा आवश्यक’ असते आणि आपण त्यात उत्तर म्हणून पुन्हा तेच लिहितो. प्रश्न कशात, हाच राहतो.

आता त्या मुलीच्या वहीकडे वळू. आई गेल्यावर मी ती वही घरी नेली. उणकलच्या तळ्यावर घरची सगळी फिरायला गेली होती, त्यावर तिने पानभर लिहिले होते. काही वाक्ये अशी : ‘आम्ही तळ्यावर गेलो. मी भेळ खाल्ले. बाबा फुगा घेतले. मी बदक बघितले. आई चहा आणली. मग आम्ही कट्ट्यावर बसलो.’ मी पूर्वी या पानावर लाल शाईने सात गोल केले होते आणि खाली ‘अशुद्ध’ लिहिले होते. या वेळी गोल केलेली आणि न केलेली अशी सगळी भूतकाळाची वाक्ये मोजली. ती चौदा होती. ‘गेलो’, ‘बसलो’, ‘आले’ अशी पाच वाक्ये होती आणि पाचही बरोबर होती. उरलेल्या नऊ वाक्यांत कर्म होते, म्हणजे काहीतरी खाल्ले, घेतले, पाहिले होते. त्यातली सात चुकली होती आणि दोन बरोबर होती.

ती दोन बरोबर कशी आली, हे पाहायला मला थोडा वेळ लागला. त्यातले एक ‘मी बदक बघितले’. बदक नपुंसकलिंगी, म्हणून ‘बघितले’ हे रूप बरोबर ठरते. पण मुलीने ते बदकाकडे पाहून लिहिलेले नव्हते. ती ‘मी आले’, ‘मी बसले’ म्हणते, तसेच तिने ‘मी बघितले’ म्हटले. क्रियापद तिच्यामागे चालले होते, बदकामागे नव्हे. दुसरे वाक्यही असेच नपुंसकलिंगी कर्माचे होते. म्हणजे नऊच्या नऊ वाक्यांत तिने एकच नियम पाळला होता : जो करतो त्याच्याप्रमाणे क्रियापद चालवायचे आणि ‘ने’ लावायचा नाही.

हा नियम कुठला, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. कन्नडमध्ये ‘नानु रोट्टी तिंदे’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते, रोट्टीशी त्याचा संबंध नसतो. आपल्या भागातल्या मराठी घरांत ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ हे पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. मुलगी गोंधळलेली नव्हती. तिला एक नियम पक्का येत होता. पुस्तकी मराठीत ज्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो तो तिला अजून कोणी दाखवला नव्हता, आणि दाखवायचे काम माझे होते.

मग मी शेरा पुन्हा लिहिला. पत्रकातली जागा दोन-तीन ओळींची असते, त्यामुळे बऱ्याच खाडाखोडीनंतर तो असा झाला :

‘पाहिलेला प्रसंग क्रमाने व स्वतःच्या शब्दांत लिहिते. तळ्यावरचे लेखन वर्गात वाचून दाखवले. “मी आंबा खाल्ले” याचे लेखनातील रूप “मी आंबा खाल्ला” हे आता शिकत आहे. रोज रात्री, आज काय खाल्ले, काय आणले, याची तीन वाक्ये लिहील. ती तिच्याकडून वाचून घ्यावीत.’

यातली पहिली दोन वाक्ये गोड बोलण्यासाठी घातलेली नाहीत. तीही त्याच वहीतून आली आहेत आणि खरी आहेत. पहिल्या खर्ड्यात मी ‘छान लिहिते, पण’ असे लिहिले होते. तो ‘पण’ मी काढला. पालक ‘पण’च्या आधीचे सगळे विसरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ‘अशुद्ध’ हा शब्दही काढला आणि त्या जागी ‘लेखनातील रूप’ असे घातले. त्यामुळे घरची बोली चुकीची ठरत नाही. वहीत वेगळे रूप लागते, एवढेच त्यातून कळते. शेवटच्या वाक्यात ‘वाचून घ्यावीत’ असे मुद्दाम आहे. आईला देवनागरी मराठी तपासता येणार नव्हते, पण मुलीने वाचलेले ऐकता येणार होते. ‘घरी अभ्यास घ्यावा’ असे लिहिले असते, तर ते तिच्या हातात नसलेले काम झाले असते.

एक सावधगिरी सांगतो, कारण मी तिथेही ठेचकाळलो. वर्गात मी घाईने सांगून टाकले की कर्म असेल तर क्रियापद कर्मामागे जाते. आठवड्याने त्याच मुलीने लिहिले, ‘मी धडा शिकला.’ आता दोष माझा होता. शिकणे, विसरणे, पिणे अशी काही क्रियापदे पुस्तकी मराठीतही कर्त्यामागेच चालतात : मी धडा शिकले, मी नाव विसरले, मी दूध प्यायले. म्हणून शेऱ्यात नियम लिहू नये, मुलाचेच एखादे वाक्य लिहावे. एका वाक्यातून घरच्यांना नेमके कळते आणि नियम चुकीचा सांगण्याची भीतीही राहत नाही.

हे फक्त भाषेपुरते नाही. एका मुलाच्या पत्रकावर ‘गणितात कच्चा’ असे होते. त्याची वही पाहिली तर ५२ वजा १७ बरोबर ४५. बिनहातच्याच्या सगळ्या वजाबाक्या बरोबर, हातच्याच्या सगळ्या चुकलेल्या. प्रत्येक ठिकाणी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, मग मोठा अंक वर असो की खाली. ‘कच्चा’ शब्दाने त्याच्या बापाला काय समजणार? ‘दहाची एक जुडी सोडून दहा काड्या सुट्या करण्याचा सराव घ्यावा’ म्हटले की काड्यापेटी घेऊन बसता येते.

आता तुम्ही विचाराल की चाळीस मुलांच्या वह्या अशा कधी पाहायच्या. एका संध्याकाळी तर नाहीच. मी नंतर एक साधी वही केली. प्रत्येक मुलाला एक पान आणि रोज पाच मुले. आठ शाळेचे दिवस झाले की वर्ग एकदा पुरा होतो. नोंद एकच ओळ : तारीख आणि त्या दिवशी मुलाने केलेली किंवा म्हटलेली एक गोष्ट. हुशार, आळशी, चंचल असली विशेषणे त्यात लिहायची नाहीत, कारण सहा आठवड्यांनी ‘चंचल’ वाचून काहीही आठवत नाही. ‘गोष्ट ऐकताना दोनदा उठून खिडकीशी गेला, पण शेवट त्यानेच सांगितला’ हे वाचले की मूल डोळ्यांपुढे येते. सुट्टीपूर्वी प्रत्येकाच्या सात-आठ ओळी जमतात. काही पाने कोरीच राहतात. ती पाने बहुधा मागे गप्प बसणाऱ्या मुलांची असतात, आणि ते वेळेवर कळते हा माझा मोठा फायदा झाला.

लिहून झाल्यावर मी नाव हाताने झाकतो आणि शेरा वाचतो. मूल ओळखू आले नाही, तर पुन्हा वहीकडे जातो. ‘उत्तम’ शेरा मिळालेल्या पहिल्या नंबराच्या मुलांची पत्रके या ठिकाणी सर्वांत जास्त नापास होतात.

काही गोष्टी मात्र पत्रकावर घालूच नयेत. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही अशी शंका, घरातली भांडणे, डबा न आणणे. पत्रक पुढच्या वर्गशिक्षकाकडे जाते, शेजारणीकडेही जाते, हे मला त्या आईने शिकवले. असे समोर बसून बोलावे. दुसऱ्या बाजूने, तिसरीत जोडाक्षर वाचता न येणाऱ्या मुलाला ‘समाधानकारक’ लिहिणे ही दया नव्हे. ‘साधे शब्द वाचतो, जोडाक्षराशी थांबतो’ यात कडवटपणा नाही आणि लपवाछपवीही नाही.

त्या मुलीचे दुसऱ्या सत्रातले पान माझ्याकडे आहे. कर्म असलेली अकरा वाक्ये, त्यांतली आठ बरोबर, आणि त्या आठांत पाच पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी कर्मांची, म्हणजे योगायोगाने जुळलेली नव्हेत. पत्रक न्यायला आई आली तेव्हा हसत म्हणाली, “आता बाबांना सुधारायला लागलीया.” मी मुलीला बोलावून सांगितले की बाबांचे बोलणे बाबांकडे राहू दे, तू वही बघ. ती ‘हो’ म्हणाली आणि दारातून ओरडली, “सर, आई तुमच्यासाठी चिवडा आणली आहे.” मी तिला दुरुस्त केले नाही.