टोपोशीटवरचा चढ

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, म्हणजे ट्रेकर मंडळींचं टोपोशीट, पसरलं की डोंगराळ भागात तपकिरी समोच्च रेषांची गर्दी दिसते. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. सह्याद्रीच्या पत्रकांत शेजारच्या दोन रेषांत साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो आणि शंभराच्या पटीतली रेषा जाड काढलेली असते.

या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. चढत जाणाऱ्या दोन जाड रेषांत १ सेंटीमीटर अंतर भरलं, तर ५०० मीटरांत १०० मीटर चढायचं आहे. हा सुमारे ११ अंशांचा चढ, सहज चालवतो. तेच अंतर २ मिलिमीटर भरलं, तर चढ ४५ अंशांचा. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे, त्यामुळे रेषा एकदम दाटतात आणि पुन्हा विरळ होतात. दाटल्या तिथे कडा, विरळ झाल्या तिथे पदर.

सोंड आणि घळ दोन्हींत रेषा टोकदार वळतात. वळणाचं टोक कमी आकड्यांकडे असेल तर सोंड, जास्त आकड्यांकडे असेल तर घळ.

आता एका सोंडेवरून घळ ओलांडून पलीकडे जायचंय. त्या मार्गावर सरळ रेघ मारा. तिच्यालगत कागदाची पट्टी ठेवून, जिथे जिथे समोच्च रेषा रेघ छेदते तिथे खूण करून उंची लिहा: ७४०, ७२०, ७००, पुन्हा ७००, ७२०. पट्टी आलेखाच्या कागदाच्या तळाशी ठेवा, प्रत्येक खुणेच्या वर तिच्या उंचीला ठिपका द्या आणि ठिपके जोडा. झाला छेद तयार.

चूक होते ती दोन ७०० जोडताना. सरळ रेघ मारली की घळीच्या तळाशी नसलेलं मैदान तयार होतं. मध्ये निळा ओढा आहे, म्हणजे जमीन ७०० च्या खाली उतरलेली आहे. पण ६८० ची रेषा लागली नाही, म्हणजे तिथवर पोचलेली नाही. तेव्हा वक्र खाली झुकवा.

उभ्या अक्षावर १ सेंटीमीटरला १०० मीटर धरले, तर उंची पाचपट ताणली जाते आणि २० अंशांचा उतार कागदावर ६१ अंशांचा दिसतो. म्हणून चढाचा अंदाज छेदाच्या चित्रावरून बांधू नका, आकड्यांवरून काढा.

आणि दोन रेषांच्या मधे १५ मीटरांचा सरळ कातळ असला, तर तो या रेषांत उमटेलच असं नाही. छेदात मऊ उतार दिसला तरी दोराची गरज आहे का, हे वाट माहीत असलेल्या गावकऱ्याला विचारूनच ठरवावं.