नाव घेताना: निवेदकाच्या कागदावरचे उच्चार



गणपती, कोजागरी, दिवाळी, मग संक्रांत. आपल्या मंडळांचे कार्यक्रम आता ओळीने येतील आणि प्रत्येक घरातला कुणी ना कुणी हातात माईक घेऊन उभा राहील. इथे इंग्लंडात आपल्या कार्यक्रमाला पाहुणे येतात ते कौन्सिलचे, शाळेचे, कधी लॉर्ड लेफ्टनंटच्या वतीने. त्यांची नावं ईमेलमध्ये वाचताना काही अडचण नसते. ती तोंडाने म्हणायची वेळ येते तेव्हा कळतं, की इंग्रजीत नाव लिहिणं आणि नाव घेणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

लेस्टरकरांना हे सांगायला नको. शहराच्या नावातली निम्मी अक्षरं आपण रोज गिळतो. पण त्याच परगण्यात Belvoir नावाचा किल्ला आहे, त्याला सगळे ‘बीव्हर’ म्हणतात. Groby गावाला ‘ग्रूबी’ म्हणतात. आडनावांचंही तसंच. Beauchamp म्हणजे ‘बीचम’, Cholmondeley म्हणजे ‘चम्ली’. Menzies हे स्कॉटिश आडनाव परंपरेने ‘मिंगिस’ असं म्हणतात, आणि त्यामागे छापखान्याची गंमत आहे. जुन्या स्कॉटिश लिखाणात ‘यॉख’ नावाचं एक अक्षर होतं, ते z सारखं दिसायचं. छापणाऱ्यांकडे त्याचा खिळा नव्हता, म्हणून त्यांनी z लावला. अक्षर बदललं, लोकांचा उच्चार तसाच राहिला.

मात्र ‘मिंगिस’ पाठ करून निघू नका. त्याच आडनावाचे कित्येक लोक स्वतःला सरळ ‘मेन्झीझ’ म्हणवतात. आयरिश मुलींचं Caoimhe हे नाव कुठे ‘क्वीव्हा’, कुठे ‘कीव्हा’. म्हणजे पुस्तक उघडून उत्तर मिळत नाही. ज्याचं नाव आहे तो जे म्हणतो, तेच बरोबर.

तेव्हा पहिलं काम विचारण्याचं, आणि तेही फोनवर. ईमेलने विचारलंत तर उत्तर पुन्हा स्पेलिंगमध्येच येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. पाहुण्यांच्या कचेरीत फोन करा, त्यांच्या सेक्रेटरीला विचारा, की त्या स्वतः आपलं नाव कसं घेतात. ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा. फोन उचलला गेला नाही तर निरोपयंत्रावर बऱ्याचदा त्यांच्याच आवाजात नाव ऐकायला मिळतं. इंटरनेटवरचं भाषण ऐकणार असाल, तर ज्यात त्या स्वतः ‘मी अमुक’ म्हणतात ते ऐका. त्यांची ओळख करून देणारा तुमच्याइतकाच चाचपडत असू शकतो. ऐकलं की लगेच मोठ्याने म्हणून दाखवा, ‘हो’ आलं की कागदावर उतरवा.

उतरवायचं कशात? देवनागरीत. बीबीसीने बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसाठी १९२६ साली सल्लागार समिती नेमली आणि आजही त्यांच्याकडे उच्चारांसाठी वेगळा विभाग आहे. त्यांना इंग्रजी अक्षरांतच कसरत करून उच्चार लिहावा लागतो. आपल्याकडे तयार लिपी आहे, आणि ‘शिवॉन’ असं लिहिलं की Siobhan मधल्या b आणि h चा प्रश्नच मिटतो.

पण देवनागरीत काही गोष्टी मावत नाहीत, आणि चूक नेमकी तिथे होते. सगळ्यात मोठी उणीव आघाताची. मराठीत आपण अक्षरं बहुतेक सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर असतो आणि तो जागचा हलला तर नाव ओळखू येत नाही. शिवॉनमध्ये जोर ‘वॉन’वर आहे. लेफ्टनंट हा शब्द आपण फौजेमुळे ‘फ’ घालून म्हणतो, इथला उच्चारही तोच, अमेरिकेतल्यासारखा ‘लूटेनंट’ नाही. पण आपण तो सपाट म्हणतो आणि इथे जोर ‘टे’वर असतो: लेफ्-टे-नंट. कागदावर त्या अक्षराखाली जाड रेघ मारा. इथे लिहिताना मी त्या अक्षराआधी एक टिंचकी देतो: शि'वॉन, लेफ्'टेनंट.

दुसरी गोष्ट शेवटच्या ‘अ’ची. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण म्हणत नाही, ‘घर’ला ‘घर्’ म्हणतो. Loughborough च्या शेवटी मात्र अगदी हलका अ आहे. ‘लफबर’ लिहिलंत तर ‘लफ्बर्’ वाचाल, ‘लफबरा’ लिहिलंत तर ‘रा’ लांबेल. अशा वेळी जोडाक्षर करा: ‘'लफ्-ब्र’. ‘नम्र’, ‘मित्र’ या शब्दांत जोडाक्षरानंतरचा अ आपण आपोआप थोडासा म्हणतो, तेवढाच इथे हवा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या ‘च’ची. ‘चमचा’ म्हणून बघा, पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा. ‘चम्ली’ लिहिताना तुम्हाला पहिला हवा आहे. ज्याला तोंडातल्या तोंडात खात्री वाटत नसेल, त्याने कडेला ‘चमच्यातला पहिला’ असं लिहून ठेवावं. हसू येईल, पण चुकणार नाही. व चं सोपं आहे: ओठ गोल करायचे तिथे ‘व’, दात ओठाला लावायचे तिथे ‘व्ह’. Niamh हे नाव म्हणून ‘नीव्ह’.

आता एक ओळ प्रत्यक्ष लिहून बघू. समजा ईमेलमध्ये पाहुण्यांचं नाव आलं आहे: Cllr Siobhan Menzies. ही तीन नावं-पदं मी मुद्दाम एकत्र केली आहेत. पहिलाच शब्द अडवतो. Cllr म्हणजे काउन्सिलर. संक्षेप कागदावर कधीच ठेवू नका, कारण दिव्यांच्या उजेडात त्याचा विस्तार आठवत नाही. Rt Hon दिसलं तर ‘द राइट 'ऑनरेबल’ असं पूर्ण लिहा, ह न म्हणता. Revd म्हणजे रेव्हरंड. आणि ‘सर’ ही पदवी पहिल्या नावाला लागते, नुसत्या आडनावाला नाही. अभिनेते बेन किंग्जली यांना ‘सर बेन’ म्हणायचं, ‘सर किंग्जली’ नव्हे.

फोन केलात, कळलं की बाई ‘मिंगिस’ म्हणतात. मग तुमची ओळ अशी होईल:

आजच्या प्रमुख पाहुण्या आहेत / 'काउन्सिलर / शि'वॉन 'मिंगिस.

यात मूळ स्पेलिंग कुठेच नाही, आणि ते मुद्दाम. बरेच जण स्पेलिंग ओळीत ठेवून उच्चार कंसात किंवा समासात लिहितात. मंचावर डोळा ओळीतलं आधी उचलतो, कंसापर्यंत पोचेपर्यंत ‘मेन्झी’ तोंडातून गेलेलं असतं. स्पेलिंग हवंच असेल तर पानाच्या तळाशी. नाव दोन ओळींत तुटू देऊ नका, आणि पानाच्या शेवटी तर मुळीच येऊ देऊ नका. तिरकी रेघ म्हणजे अर्धा श्वास. ती नावाआधी लागते, कारण मराठी वाक्याच्या चालीतून इंग्रजी नावावर उडी मारताना जीभ अडखळते. म्हणूनच सराव नुसत्या नावाचा करू नका, पूर्ण वाक्याचा करा, मोठ्याने, बोलायच्या वेगाने.

मराठीत आणखी एक खास खाच आहे. आपण नावाला प्रत्यय चिकटवतो: मिंगिसना, मिंगिसांचं, मिंगिसबाईंनी. दर वेळी नावाचा शेवट बदलतो आणि दर वेळी घसरायची सोय होते. त्याऐवजी ‘यांना’, ‘यांनी’, ‘यांचं’ वेगळं लिहा. ‘शिवॉन मिंगिस यांना विनंती करते’ यात नाव जसंच्या तसं राहतं, आणि मानही राखला जातो.

तेच उलट बाजूने. आपल्या मुलांची नावं जेव्हा इथल्या माणसाने घ्यायची असतात, शाळेच्या बक्षीस समारंभात, पदवीदानात. आईवडील भारतातून आलेले असतात, आजी पहिल्या रांगेत असते, आणि नाव एकदाच पुकारलं जातं. बऱ्याच विद्यापीठांत आधी उच्चार विचारतात, एक रकाना असतो. तो पोरं रिकामा सोडतात किंवा त्यात तेच स्पेलिंग पुन्हा टाकतात. त्या रकान्यात काय लिहायचं ते घरात बसून ठरवा.

इथे देवनागरीचा उपयोग नाही, वाचणाऱ्याला ओळखीचे इंग्रजी तुकडे द्यायला हवेत. काळे हे आडनाव Kale असं लिहितो, आणि इथल्या माणसाला त्यात भाजी दिसते, तो ‘केल’ म्हणतो. रकान्यात लिहा KAH-lay. मोठी अक्षरं म्हणजे जोर. ळ चा ल होईल, तो होऊ द्या. इंग्रजीत ळ नाही आणि एका ओळीत तो शिकवता येत नाही. ओजसचं Ojas हे ‘ओजॅस’ होतं, म्हणून OH-juss, rhymes with bus. ज्याच्याशी यमक जुळतं असा साधा शब्द देणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. मुग्धाचं Mugdha मात्र त्रासाचं. पहिल्या तीन अक्षरांत चहाचा मग आहे. MOOG-dah लिहिलं तर उ थोडा लांबतो आणि ध चा द होतो, पण मगापेक्षा मूग बरा. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडायचं, आणि ते नाव ज्याचं आहे त्यानेच निवडायचं. एखादी मुग्धा कॉलेजात स्वतःला दुसरंच काही म्हणवत असेल, तर आजीपुढे कुठलं नाव हवं ते तिला विचारा.

लिहून झालं की एक चाचणी घ्या. ज्याने ते नाव कधी ऐकलेलं नाही अशा शेजाऱ्याला किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीला कागद द्या आणि काहीही न सांगता वाचायला लावा. पहिल्या झटक्यात जे येईल तेच समारंभात येणार आहे. बरोबर आलं नाही तर तिला दुरुस्त करू नका, कागद दुरुस्त करा, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी द्या, कारण तिने आता ऐकलेलं आहे.

आणि इथे जन्मलेली आपली मुलं जेव्हा मराठी निवेदन रोमन लिपीतून वाचतात, तेव्हा त्यांच्या कागदावरचे आपले संक्षेपही उलगडून द्या. ‘ह.भ.प.’ म्हणजे हरिभक्तपरायण आणि ‘कै.’ म्हणजे कैलासवासी हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यातला कै. तर चुकीच्या माणसाच्या नावाआधी वाचला गेला, तर तो माणूस समोरच बसलेला असायचा.