जिना दोन फूट सरकला, बिल कुणी भरायचं?

आजचा एपिसोड एका ईमेलवर आहे. माझा मावसभाऊ सिव्हिल डिप्लोमा करून घरूनच ऑटोकॅडवर ड्रॉइंग्स काढून देतो. फ्रीलान्स ड्राफ्टर. मागे एका रात्री त्याचा फोन आला, "दादा, मी क्लायंटला मेल लिहिलाय, पाठवू का?"

मेल वाचला. पहिलंच वाक्य होतं, 'तुम्ही सारखे चेंजेस सांगता, मला हे परवडत नाही.' म्हटलं, थांब. हे वाचून समोरचा पैसे देणार नाही, भांडेल.

आधी केस सांगतो. एका बंगल्याच्या वर्किंग ड्रॉइंग्सचं काम, क्लायंट म्हणजे बांधकाम कॉन्ट्रॅक्टर. ठरलेली रक्कम २४,००० रुपये. कोटेशनमध्ये लिहिलं होतं की दोन रिव्हिजन्स यातच धरल्यात, पुढे तासाला ४०० रुपये. काम मात्र R5 पर्यंत गेलं. क्लायंटचं म्हणणं, "अरे, जिना फक्त दोन फूट सरकवलाय, त्याचे कसले पैसे?"

खरी गोम इथेच आहे. समोरच्याला एक रेघ सरकलेली दिसते. पण जिना सरकला की वरच्या स्लॅबमधला कटआउट सरकतो. पहिल्या मजल्याचा पॅसेज बदलतो. लँडिंगची खिडकी हलते, म्हणजे एलिव्हेशन बदललं. सेक्शन तर बहुतेक वेळा जिन्यातूनच कापलेला असतो, तो नव्याने काढावा लागतो. गच्चीवरची जिन्याची केबिनही हलते. एका शीटवरचा बदल पाच शीट्सवर जातो, आणि एक जरी शीट जुनी राहिली तरी साइटवर चुकीच्या जागी शटरिंग लागू शकतं. आमच्या कोडमध्ये एक फंक्शन बदललं की दहा ठिकाणी तुटतं, अगदी तसंच.

म्हणून आम्ही मेलमधून राग काढला आणि हिशोब ठेवला. फायनल मेल असा:

'नमस्कार सर,

R5 चा सेट सोबत पाठवला आहे. कोटेशनप्रमाणे R1 आणि R2 मूळ रकमेत आहेत. त्यापुढचा तपशील असा:

R3: किचन आणि टॉयलेटची अदलाबदल, आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे. ४ तास, १,६०० रुपये.

R4: जिना दोन फूट सरकवणे, आपल्या व्हॉट्सअॅप मेसेजप्रमाणे. दोन्ही मजल्यांचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि टेरेस प्लॅन अशा पाच शीट्स बदलल्या. ९ तास, ३,६०० रुपये.

R5: खिडक्यांच्या तक्त्यात माझ्याकडून माप चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. २ तास, चार्ज नाही.

एकूण जादा रक्कम ५,२०० रुपये. कुठल्या नोंदीबद्दल शंका असल्यास फोन करा, ड्रॉइंग समोर ठेवून बोलू.'

R5 ची ओळ लिहायला तो तयारच नव्हता. "आपली चूक आपणच कशाला सांगायची?" पण रिव्हिजन वेगळी आणि करेक्शन वेगळं. क्लायंटने मत बदललं तर ती रिव्हिजन, आपलं माप चुकलं तर ते करेक्शन, आणि करेक्शनचे पैसे घ्यायचे नसतात. शिवाय ती ओळ वाचल्यावर बाकीच्या दोन ओळींवर विश्वास बसतो.

पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. R4 चे पैसे त्याने मान्य केले, कारण मेसेज त्याच्याच मोबाइलमध्ये होता. R3 वर मात्र अडला. "फोनवर मी नुसतं विचारलं होतं, कर म्हटलं नव्हतं." लेखी काहीच नव्हतं. शेवटी R3 चे निम्मे, ८०० रुपये ठरले. म्हणजे ५,२०० पैकी ४,४०० मिळाले. गेलेले ८०० मेलच्या भाषेमुळे गेले नाहीत, लेखी होकार नव्हता म्हणून गेले.

आणि कोटेशनमध्ये रिव्हिजनची अटच नसती तर? मग मागच्या कामाचे पैसे हक्काने मागणं अवघड गेलं असतं. फार तर विनंती करता आली असती, आणि पुढच्या बदलापासून दर ठरवून घेता आला असता.

आता तो फाइल उघडायच्या आधी एक मेसेज टाकतो: 'सर, हा बदल R3 मध्ये येतो. अंदाजे ४ तास, १,६०० रुपये. "ओके" आलं की काम सुरू करतो.' परवा एका क्लायंटने हा मेसेज वाचून उत्तर दिलं, "राहू दे, आहे तेच ठीक आहे." भाऊ हसत म्हणाला, "दादा, चार तास झोप मिळाली!"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचा असा एखादा अडकलेला मेल असेल तर नक्की कळवा.